मदत हवी आहे: जहाजावरच्या व्हीसॅटचा पिंग ६०० च्या खाली येतच नाही

तांडेल_०७
मंडळी, मी एका मालवाहू जहाजावर इटीओ आहे, म्हणजे विजेची आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळतो. जहाजावर दोन लिंक आहेत. एक जुनी व्हीसॅट, घुमटातली डिश भूस्थिर उपग्रहावर लॉक असते. दुसरी स्टारलिंकची सपाट अँटेना, ती गेल्या ड्रायडॉकला बसली. ऑफिसचं सगळं काम व्हीसॅटवरूनच आणि तेही व्हीपीएनमधून करायचं असा कंपनीचा नियम आहे, स्टारलिंक फक्त क्रूसाठी.

व्हीसॅटचा प्लॅन दोन्ही बाजूंना ८ एमबीपीएसचा आहे. तरी किनाऱ्यावरच्या सर्व्हरवर सर्व्हेची फाइल चढवायला घेतली की वेग ०.८ च्या आसपास अडकतो. पिंग असा:

```
ping -n 50 8.8.8.8
Minimum = 598ms, Maximum = 1187ms, Average = 671ms
```

उपग्रह ३५,७८६ किमी वर. वर जाऊन खाली यायचं म्हणजे ७१,५७२ किमी. प्रकाशाच्या वेगाने भागलं तर २४० मिलिसेकंद होतात. मग उरलेले साडेतीनशे जातात कुठे? सर्व्हिसवाला म्हणतो १६ चा प्लॅन घ्या, पिंग उतरेल. कॅप्टन माझ्याकडे उत्तर मागतोय.

बंड्या_सातारकर
आमच्याकडे पावसाळ्यात डीटीएचचं हेच रडगाणं असतं. डिशवर मीठ साचलं असेल बघा, समुद्रावर ते होणारच. पुसून काढा आणि पुन्हा अलाइन करून घ्या.

तांडेल_०७
बंडूशेठ, घुमट धुतलेला आहे, सिग्नलही उत्तम आहे. शिवाय पॅकेट एकही पडत नाही, उत्तर येतंच, फक्त उशिरा येतं. सिग्नल कमजोर असता तर पॅकेट गळाली असती ना?

निशिगंधा
तुमचा २४० चा हिशोब बरोबर आहे. बाकीची सगळी हबवरची, म्हणजे उपग्रहाच्या जमिनीवरच्या केंद्रावरची गर्दी. एकाच ट्रान्सपॉन्डरवर पन्नास जहाजं बसवतात हे लोक. मोठा प्लॅन घेतलात तर रांगेत पुढे जाल आणि पिंग ३०० पर्यंत सहज येईल.

हबवाला
असे हब असतात त्या टेलिपोर्टवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२४० हा एका दिशेचा वेळ आहे. पिंग जहाजावरून उपग्रहाकडे चढतो, तिथून हबवर उतरतो, आणि उत्तरालाही तीच वाट उलटी चालावी लागते. म्हणजे चार टप्पे. एक टप्पा कमीत कमी ११९ मिलिसेकंदांचा, चारांचे झाले ४७७. तेही उपग्रह अगदी डोक्यावर असेल तर. जहाज उत्तरेला सरकलं आणि डिश क्षितिजाकडे झुकली की अंतर ४१,००० किमीच्या पुढे जातं आणि जहाजाकडच्या दोन टप्प्यांत मिळून तीस-चाळीस मिलिसेकंद वाढतात. तुमच्या ५९८ मधून ४७७ वजा केले तर १२० उरतात. मोडेम, हब आणि पुढचं जमिनीवरचं इंटरनेट मिळून एवढे लागतातच. ६०० हा तुमच्या लिंकचा निरोगी आकडा आहे.

निशिगंधाताईंचा गर्दीचा मुद्दा कमाल आकड्याला काही अंशी लागू होतो. पण ११८७ मधून ५९८ वजा करून बघा. जवळजवळ तेवढेच उरतात. मोडेम काही वेळ गप्प बसला की त्याचा अपलिंकचा स्लॉट, म्हणजे वर पाठवायची ठरलेली पाळी, हब काढून घेतो. मग पॅकेट आलं की मोडेम आधी स्लॉट मागतो. ती मागणी वर जाऊन हबवर उतरते आणि मंजुरी तशीच परत येते. म्हणजे एक अख्खी फेरी जादा. त्यामुळे फरक एका फेरीएवढा असेल तर मला पहिला संशय स्लॉटचा येतो. गर्दी असती तर मधले सगळे आकडे विखुरलेले दिसले असते. ओळी बघा, मोठे आकडे बहुतेक पहिल्या एक-दोन पिंगलाच असतील.

१६ च्या प्लॅनने हे अंतर एक किलोमीटरनेही कमी होत नाही. पाइप रुंद केला म्हणून आखूड होत नाही.

आता ०.८ बद्दल. पाठवणारा पोच येण्याआधी किती डेटा सोडेल याला मर्यादा असते, तिला विंडो म्हणतात. तुमच्या सॉफ्टवेअरची ती ६४ केबीवर अडकली असेल तर दर ०.६ सेकंदाला ६४ केबी, म्हणजे ०.८७ एमबीपीएस. तुमचा आकडा तिथेच बसतो. तीच ६४ केबी ४० मिलिसेकंदांच्या लिंकवर १३ एमबीपीएस देते. खात्री करायची तर आधी एक आणि मग आठ प्रवाह सोडून बघा:

```
iperf3 -c <server> -t 30
iperf3 -c <server> -t 30 -P 8
```

सौ_मालवणी
माझे मिस्टरही जहाजावर आहेत. व्हीसॅटवर फोन केला की दोघं एकदम बोलतो, मग दोघं गप्प बसतो. आता त्यांच्याकडेही ती नवी चपटी अँटेना आली आणि बोलणं सुरळीत झालं. हे याच्यामुळेच का?

हबवाला
हो ताई. भूस्थिरवर आवाज पोचायलाच पाव सेकंद लागतो आणि उत्तर ऐकू येईपर्यंत अर्धा. तेवढ्यात माणसाला वाटतं समोरचा थांबलाय.

तांडेल_०७
एका प्रवाहात ०.८१ आले, आठांमध्ये ६.२! आणि मोठे पिंग खरंच सुरुवातीचेच निघाले. आणखी एक शंका. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किमीवर आहेत म्हणे. त्या हिशोबाने चार टप्प्यांचे ७-८ मिलिसेकंद व्हायला हवेत. मला किनाऱ्याजवळ ४० ते ४५ दिसतात, भर समुद्रात १०० च्या वर जातात.

हबवाला
७.३ हा उपग्रह डोक्यावर असतानाचा आकडा. तो २५ अंशांवर उतरला की अंतर ११२० किमी होतं, चार टप्प्यांचे १५. त्यापुढचं उंचीच्या खात्यात टाकू नका. त्यात तुमची बोलण्याची पाळी येईपर्यंतचा वेळ आणि ग्राउंड स्टेशनपासून पुढची फायबर येते. भर समुद्रात आवाक्यात ग्राउंड स्टेशनच नसतं, म्हणून डेटा लेझरने एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जातो. ५,००० किमी लांब उतरला तर जाऊन-येऊन ३३ मिलिसेकंद वाढले. शिवाय उतरल्यावर तुमचा सर्व्हर भलतीकडे असेल तर तो प्रवास वेगळाच.

निशिगंधा
मग भूस्थिर उपग्रहच हजारेक किमीवर का आणत नाहीत? तंत्रज्ञान एवढं पुढे गेलंय. आणि माझ्या मते गर्दी आहेच, त्यांनी रात्री तीन वाजता पिंग करून बघावा.

हबवाला
रात्री करून बघायला हरकत नाही, सरासरी थोडी उतरेल. किमान तिथेच राहील. उंचीचं म्हणाल तर ती आपण ठरवत नाही. पृथ्वीबरोबर २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी व्हायची असेल तर वर्तुळाकार कक्षा तिथेच लागते. ५५० किमीवर दीड तासाच्या आसपास फेरी होते, उपग्रह काही मिनिटांत मावळतो, म्हणून हजारोंनी सोडावे लागतात.

तांडेल, तुमचा खरा प्रश्न व्हीपीएनचा दिसतोय. व्हीसॅट मोडेम अशा लिंकसाठी स्वतःच लगेच खोटी पोच देतो आणि पाठवणाऱ्याला पुढे ढकलत राहतो. पण व्हीपीएनच्या आत त्याला पोच-बिच काही दिसतच नाही. तोच सर्व्हर व्हीपीएनशिवाय तपासा.

तांडेल_०७
व्हीपीएनशिवाय एकाच प्रवाहात ६.९. कॅप्टनला प्लॅन वाढवू नका असं सांगितलं. पण किनाऱ्यावरचं आयटी व्हीपीएन काढू देत नाही, सर्व्हरची विंडो वाढवायलाही तयार नाही. जहाजावरच्या फायरवॉलच्या आधी, आतल्या बाजूला मोडेमसारखीच लगेच पोच देणारा वेगळा प्रवेगक बॉक्स लावून कोणी हे चालवलंय का? दुसऱ्या टोकालाही तसाच बॉक्स लागतो का?

हबवाला
दोन्ही टोकांना लावलेले पाहिले आहेत. फक्त जहाजाकडे लावून चालवलेलं मी पाहिलेलं नाही. कोणी केलं असेल तर लिहा.