शब्दचर्चा : ‘एक्झिट तिकीट’ला मराठीत काय म्हणावे?

वाडीतील अनुवादिका :
आमच्या भागातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शिक्षकांसाठी साडेतीन तासांची एक कार्यशाळा ठरली आहे आणि तिची इंग्रजी रूपरेषा मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तास चालू असताना किंवा संपताना मुलांना कितपत उमगले हे पाहण्यासाठी शिक्षकांनी स्वतः छोटे प्रश्न कसे तयार करावेत, असा तिचा विषय आहे. मी ‘फॉर्मेटिव्ह चेक’साठी ‘आकारिक तपासणी’, तास संपताना मुलांनी उत्तर लिहून द्यायच्या ‘एक्झिट तिकिटा’साठी ‘निर्गमपत्रिका’ आणि ‘क्विक पोल’साठी ‘झटपट मतदान’ असे शब्द योजले. कच्चा मसुदा एका शिक्षिकेला वाचायला दिला, तेव्हा पहिल्याच ओळीवर त्यांनी विचारले, “ताई, तपासणी कोणाची, आमची का?” मग मी ‘तपासणी’ खोडून ‘कसोटी’ लिहिले, तर त्या म्हणाल्या की गुजरातेत कसोटी म्हटले की एकम कसोटीच डोळ्यांपुढे येते, म्हणजे वही, गुण आणि नोंद. या तिन्हींपैकी काहीच या प्रश्नांत अपेक्षित नाही. आपण काय सुचवाल?

दांडियाबाजारकर :
आपला ‘निर्गमपत्रिका’ हा शब्द मला निर्दोष वाटतो आणि तो मुळीच सोडू नये. ज्या बडोदे शहरात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांसाठी अनेक भाषांचा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ सिद्ध करवून १९३१ साली प्रसिद्ध केला, त्या शहरात ‘तिकीट’ आणि ‘पोल’ लिहावे लागणे शोभत नाही. ‘आकारिक’ हा शब्दही मान्यताप्राप्त आहे. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक आणि संकलित अशी मूल्यमापनाची विभागणी रूढ आहे. ही मूळ संकल्पना शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांची असून ती घडण्याशी, म्हणजेच आकार घेण्याशी निगडित आहे.

निवृत्त गणित शिक्षक :
दांडियाबाजारकरांना एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. ही जोडी प्रथम मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली मांडली, आणि तीही मुलांच्या नव्हे तर अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासंबंधी. ब्लूम यांनी ती वर्गातील शिकण्यापर्यंत आणली. हे सांगण्याचे कारण असे की, मूळ प्रश्न ‘वस्तू अजून घडते आहे तोवर तिच्यात काय बदलता येईल’ हा होता. ‘आकारिक’ वाचून हा अर्थ कोणाच्याही मनात येत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने कित्येक वर्षे त्याचा अर्थ ‘ठरावीक आकाराच्या तक्त्यात भरायचे’ असाच घेतला होता, आणि खरे सांगायचे तर तक्ते पाहता त्याचे फारसे चुकले नव्हते.

माझी सूचना ‘ताळा’ अशी आहे. गणित सोडवून झाले की आपण ताळा पाहतो. त्याला गुण नसतात, आणि तो जुळला नाही तर आपण मागे जाऊन चूक शोधतो. शिवाय गुजरातीत ‘ताळो मेळववो’ आहेच, त्यामुळे शेजारच्या गुजराती वर्गातील बाईंनाही हा शब्द परका वाटणार नाही.

रावपुऱ्यातील वाचक :
निर्गमपत्रिकेचा विषय निघाला आहे म्हणून विचारतो. माझ्या आजोबांचे प्राथमिक शिक्षण बडोदे संस्थानातील शाळेत झाले आणि मला दाखल्याच्या कामासाठी त्यांचा निर्गम उतारा हवा आहे. ती शाळा आता दुसऱ्या शाळेत विलीन झाली आहे. अशा वेळी जुनी नोंदवही कोणाकडे मागावी?

वाडीतील अनुवादिका :
काका, येथील विषय निराळा आहे. पण आपल्या प्रश्नाने माझा ‘निर्गमपत्रिका’ हा शब्द मात्र बाद झाला असे समजते. शिक्षकांनाही प्रथम शाळा सोडल्याचा दाखलाच आठवेल.

दांडियाबाजारकर :
एका गैरसमजामुळे शब्द बाद होत नाही. शब्द वापराने रुळतो. ‘महापौर’ हा शब्दही पहिल्या दिवशी कानाला ओळखीचा वाटला नसणार.

पाचवीच्या वर्गशिक्षिका :
मी अशाच एका कार्यशाळेला गेले होते, म्हणून सांगते की आम्ही वर्गात सरळ ‘जातानाची चिठ्ठी’ म्हणतो आणि मुलांना ते लगेच कळते. तास संपायला पाच मिनिटे असताना कागदाचा चतकोर तुकडा देते, फळ्यावर एक प्रश्न लिहिते आणि मुले दारापाशी डब्यात चिठ्ठी टाकून जातात. मला अडचण शब्दाची आली नाही, प्रश्नाची आली. पहिल्या महिन्यात मी ‘आज काय शिकलात?’ असे विचारत असे. अडतीस मुलांपैकी बहुतेकांनी ‘दशांश अपूर्णांक शिकलो, खूप आवडले’ असे लिहिले, आणि त्या चिठ्ठ्यांवरून दुसऱ्या दिवशी काय शिकवायचे हे मला काही केल्या ठरवता येईना.

निवृत्त गणित शिक्षक :
बाईंनी खरी जागा दाखवली. कार्यशाळेच्या रूपरेषेत सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीला हवा, कारण चिठ्ठी वाटणे कोणालाही जमते, पण चुकीच्या उत्तरातून चुकीचे कारण ओळखता येईल असा प्रश्न लिहिणे कठीण असते. बाई, दशांश अपूर्णांकांवर आपण पुढे कोणता प्रश्न दिलात?

पाचवीच्या वर्गशिक्षिका :
०.६ आणि ०.४५ यांपैकी मोठी संख्या कोणती, असा दिला. २६ मुलांनी ०.६ लिहिले आणि १२ मुलांनी ०.४५. मी त्या बाराजणांना दुसऱ्या दिवशी वेगळे बसवायचे ठरवले आणि उरलेल्यांना समजले असे धरून चालले होते. कार्यशाळेतील मार्गदर्शकांनी मात्र त्याच प्रश्नाला आणखी एक जोडी लावून पुन्हा विचारायला सांगितले : ०.३ आणि ०.३८. आदल्या दिवशीची बारा मुले येथे बरोबर आली, आणि ज्यांना मी हुशार समजत होते त्या सव्वीसांपैकी नऊ मुलांनी ०.३ ही मोठी संख्या म्हणून लिहिली. दोन्ही जोड्या बरोबर असलेली मुले सतराच निघाली.

निवृत्त गणित शिक्षक :
येथे दोन निरनिराळ्या समजुती आहेत. बारा मुलांना वाटते की जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी, कारण ती ०.४५ मध्ये पंचेचाळीस वाचतात आणि ०.६ मध्ये सहा. नऊ मुलांनी शिकवलेले अर्धेच घेतले आहे : शतांश हा दशांशाहून लहान असतो, म्हणून ज्या संख्येत शतांश आला ती लहान. पहिल्या प्रश्नात ही नऊ मुले चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देतात, आणि एकाच प्रश्नावर थांबलेल्या शिक्षकाला ती कधीच दिसत नाहीत. कार्यशाळेत शिक्षकांकडून प्रश्न लिहून घेताना प्रत्येक पर्यायासमोर ‘हे उत्तर देणारे मूल काय समजून बसले असेल’ हे एका ओळीत लिहून घ्यावे. दोन वेगळ्या समजुतींची मुले एकाच उत्तरावर येत असतील, तर प्रश्न बदलावा किंवा दुसरा जोडावा.

उपाय सर्वांना एकच चालेल असेही समजू नये. पैशांचे उदाहरण आपण फार चटकन देतो, पण रुपये-पैशांत मूल दशांश चिन्हाच्या दोन्ही बाजूंना दोन पूर्ण संख्या म्हणूनच वाचते, त्यामुळे बाराजणांची समजूत तशीच झाकून राहते. शंभर चौकटींच्या चौरसात सहा पूर्ण रांगा आणि चार रांगा पाच चौकटी रंगवायला सांगितल्या, तर ती उघडी पडते. नऊजणांना त्याच चौरसात तीन रांगा रंगवून त्यांना आणखी आठ चौकटी जोडायला सांगावे.

अलकापुरीचा वाचक :
चर्चा उत्तम चालली आहे, पण ‘क्विक पोल’ मागे राहिला. त्यासाठी ‘कौल’ हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे. ‘वर्गाचा कौल घ्यावा’ असे लिहावे. छोटा आहे, जुना आहे आणि माझ्या मते अस्सल मराठी आहे.

दांडियाबाजारकर :
‘कौल’ हा अरबीतून आलेला शब्द आहे. आपण दोघेही एकाच गाडीत बसलो आहोत, फक्त आपले तिकीट जुने आहे.

निवृत्त गणित शिक्षक :
व्युत्पत्तीपेक्षा मला अर्थाची भीती वाटते. कौल बहुमताने लागतो आणि तो मानायचा असतो. वर्गात नेमके हेच होता कामा नये. ‘ज्यांना ०.४५ वाटते त्यांनी हात वर करा’ म्हटले की मुले प्रथम हुशार मुलाच्या हाताकडे पाहतात, आणि दोन सेकंदांत वर्गाचे एकच मत होते. म्हणून उत्तर आधी ठरवून, तीन आकड्यांवर सर्वांनी एकदम दाखवायचे असते. त्यासाठी आमच्या लहानपणी पाटी होती. मास्तर ‘पाट्या वर’ म्हणत आणि अख्खा वर्ग एका नजरेत दिसे. आता चार रंगांची कार्डे चालतील. ‘मतदान’ही मला रुचत नाही, कारण मूल मत देत नसते, उत्तर देत असते.

पाचवीच्या वर्गशिक्षिका :
मग ‘पाट्या वर’ हेच नाव का नको? पण सर, एक शंका आहे. वर्गात उत्तरे निम्मी-निम्मी आली, तर पुढे जावे की थांबावे? मी थांबून पुन्हा तेच समजावते आणि उरलेला निम्मा वर्ग कंटाळतो.

निवृत्त गणित शिक्षक :
निम्मी-निम्मी आली तर मी स्वतः समजावत नसे. वेगळे उत्तर असलेल्या दोघांना जोडीने दोन मिनिटे वाद घालायला सांगून पुन्हा पाट्या वर करायला लावत असे. जवळजवळ सगळा वर्ग चुकला, तर मात्र अशा जोड्यांचा उपयोग नसतो, तेव्हा आपणच मागे जावे. नेमकी रेघ कोठे ओढावी हे मला आजही एका आकड्यात सांगता येणार नाही.

वाडीतील अनुवादिका :
मी रूपरेषेत एक बदल करून पाहते आहे. मूळ इंग्रजीत पहिला दीड तास संकल्पनांचे विवेचन आणि शेवटी वीस मिनिटे ‘स्वतःचे एक तिकीट तयार करा’ असे आहे. त्याऐवजी प्रत्येकाने पुढच्या आठवड्यातील एक धडा घेऊन यावा, सव्वा तास प्रश्न आणि त्याची संभाव्य चुकीची उत्तरे लिहावीत, आणि पाऊण तास बाईंच्या वर्गातील अडतीस चिठ्ठ्यांचे, अर्थात नावे काढून, गठ्ठे करून पाहावेत. गठ्ठे दहा मिनिटांत होत नसतील, तर प्रश्न फार लांबलचक आहे असे समजावे. आयोजकांना हे चालेल की नाही हे त्यांच्या हाती आहे. शीर्षकात मात्र मी अजून अडखळते आहे : ‘वर्गातील ताळा’ लिहू का?

अलकापुरीचा वाचक :
‘ताळा’ वाचून हिंदी शाळांतील शिक्षक वर्गाला कुलूप लावतील.

दांडियाबाजारकर :
ती कार्यशाळा मराठी शिक्षकांची आहे. तरीही मी ‘पडताळा’ सुचवीन. तो ताळ्याहून भारदस्त आहे.

पाचवीच्या वर्गशिक्षिका :
ताई, ‘चिठ्ठी’ तेवढी राहू द्या. भारदस्त शब्द फळ्यावर लिहिला की मुले वहीत समास पाडायला लागतात.

रावपुऱ्यातील वाचक :
माझ्या निर्गम उताऱ्याबद्दल कोणास काही माहिती असल्यास कृपया कळवावे.