मदत हवी आहे: चित्रकलेच्या कोर्सच्या लांब विक्री पानात पैसे परतीची गॅरंटी नेमकी कुठे ठेवावी?

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यातून इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेसाठी ऑनलाइन चित्रकला शिकवतो. फी १,४९९ रुपये. विक्रीचं पान मोबाइलवर बरंच लांब होतं.

सुरुवात अशी आहे: “पोट्ट्याचा तांब्या दरवेळी एका बाजूला कलंडतो का?” खाली एकाच मुलाची दोन स्थिरचित्रं, मधली उभी रेषा आखायला शिकण्याआधीचं आणि नंतरचं. हा भाग जमलाय असं वाटतं, कारण लोक तिथून पळत नाहीत, खाली सरकतात. मग कोर्समध्ये काय शिकवतो ते, पालकांचे अभिप्राय, किंमत आणि “प्रवेश घ्या” बटण. गॅरंटी त्याच्याही खाली आहे.

बटण दाबणारे आहेत, पण पैसे भरायच्या पानावरून बरेच परत जातात. माझा अंदाज असा, की किमतीपाशीच बटण दाबणाऱ्याला खालची गॅरंटी दिसतच नाही. म्हणून ती किंमत आणि बटणाच्या मधात एका ओळीत घ्यावी, सविस्तर अटी खाली, आणि पैसे भरायच्या पानावरही तीच ओळ, असा विचार आहे. हे बरोबर राहील का जी?

दुसरं, गॅरंटी कशी लिहावी? “१५ दिवसांत पूर्ण पैसे परत” सरळ वाटते. “पहिली चार चित्रं पाठवा, फरक नसेल तर परत” यात मुलं सराव तरी करतील. पण इकडे कापूस विकून फी भरणाऱ्या कास्तकाराला अट दिसली की संशय येतो. ग्रेडची हमी मी देणार नाही.

शेवटच्या बटणावर “प्रवेश घ्या”च ठेवू, की “पहिला धडा सुरू करा”?