इंट्राडेचा तोटा ऑप्शनच्या नफ्यातून वजा होत नाही का? (सीए पण सुचवा, बेळगाव किंवा कोल्हापूर)

उद्यमबाग_फिटर
मंडळी, रिटर्न भरायला बसलोय आणि डोकं चालेना झालंय. मी उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरीला. 2024-25 चा पगार 8 लाख 40 हजार, नवी करप्रणाली. शेअरचं असं आहे की इंट्राडेत ब्रोकरेज वगैरे सगळं धरून 1,42,000 गेले. ऑप्शनमध्ये 38,000 नफा. शिवाय चार-पाच महिने ठेवून विकलेल्या शेअरवर 55,000 मिळाले, विक्री सगळी दिवाळीनंतरची.

माझा हिशोब सरळ आहे. 93,000 आले, 1,42,000 गेले, म्हणजे बाजारानं मला 49,000 ला बुडवलं. मग कर कशावर? आमचे रिटर्न भरणारे काका म्हणतात, तोटा यातल्या कशातूनच वजा होणार नाही, वर साधारण 15 हजार भर. हे खरं काय? आणि शेअरचं कळणारा सीए इकडं कोण असेल तर सांगा. मुदत 15 सप्टेंबर 2025 पर्यंत वाढलीय, तेवढ्यात उरकायचंय.

शहापूरचा_सौदागर
काका अर्धं बरोबर सांगतात. इंट्राडे हा कायद्यानं सट्टा, तो पगारातून वजा होत नाही हे खरं. पण ऑप्शनसुद्धा सट्टाच की! सट्ट्यातून सट्टा वजा करायचा. 38,000 गेले, उरलेले 1,04,000 आठ वर्षं पुढं ओढत न्यायचे. मी तसंच सुचवेन.

ताळेबंद_चिकोडी
सौदागर, थांबा. लोक ऑप्शनला सट्टा म्हणतात, कायदा म्हणत नाही. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 43(5) मध्ये सट्ट्याची कसोटी एकच आहे: सौदा प्रत्यक्ष माल किंवा शेअर हातात न घेता-देता मिटला का? ऑप्शन त्यातही बसला असता, पण मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच्या डेरिव्हेटिव्हना त्याच कलमात सूट दिली आहे. म्हणून ऑप्शनचं उत्पन्न साध्या धंद्यात जातं आणि इंट्राडे सट्ट्यात. कलम 73 सांगतं की सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा करायचा. तेव्हा फिटरसाहेबांचे 38,000 सुटत नाहीत. आठ वर्षंही नाहीत. सट्ट्याच्या तोट्याला चारच, आठ वर्षं साध्या धंद्याच्या तोट्याला.

दार एकाच बाजूनं उघडतं, हे लक्षात घ्या. उलटं झालं असतं, म्हणजे ऑप्शनमध्ये तोटा आणि इंट्राडेत नफा, तर तो तोटा इंट्राडेच्या नफ्यातून वजा झाला असता.

फिटरसाहेब, तुमचा आकडा असा येतो. पगारातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की 7,65,000. त्यात ऑप्शनचे 38,000 मिळवले की 8,03,000. हे 38,000 दहा टक्क्यांच्या टप्प्यात पडतात, कर 3,800. शेअरचे 55,000 अल्पकालीन भांडवली नफा, विक्री 23 जुलै 2024 नंतरची म्हणून 20 टक्के, कर 11,000. दोन्ही मिळून 14,800, वर चार टक्के सेस धरून 15,392. तुमच्या काकांना नावं ठेवू नका.

उद्यमबाग_फिटर
आकडा कळला. पण मोबाईल तोच, ब्रोकर तोच, शेअरही कधी कधी तोच. सकाळी घेऊन दुपारी विकला तर सट्टा, चार महिने ठेवला तर गुंतवणूक, एवढं चालेल. पण तोटा खरा आहे ना? खात्यातून पैसे गेलेत. मग सरकारला तो मान्य का नाही?

निपाणीचा_आजोबा
बाळा, हे शेअरपुरतं नाही. त्या कलमात कुठलाही माल येतो. मी गुळाच्या व्यापाऱ्याकडं दिवाणजी होतो. समज, मी तुझ्याकडून पन्नास क्विंटल गूळ आज एका भावानं ठरवला. पुढच्या आठवड्यात भाव उतरला. मी गूळ उचललाच नाही, नुसते फरकाचे पैसे तुला दिले. गाडी नाही, वजन नाही, गोदामात काही आलं नाही. राहिली फक्त चिठ्ठी. आता तू आणि मी संगनमत केलं तर अशा चिठ्ठ्या हव्या तेवढ्या फाडता येतात. ज्याला यंदा मोठा नफा झालाय त्याच्या वहीत तोटा लिहायचा आणि ज्याच्याकडं कर बसतच नाही त्याच्या वहीत नफा. माल हलला तर गोदामात, जकातीत कुठंतरी खूण राहते. फरकाच्या सौद्यात ती राहत नाही. म्हणून सरकारनं कुंपण घातलं. तोटा खोटा आहे असं कुणी म्हणत नाही, तो दुसऱ्या वावरात जाऊ नये एवढंच.

ताळेबंद_चिकोडी
आजोबांनी कारण नेमकं सांगितलं. एक भर घालतो. व्यापाऱ्याकडं गूळ खरोखर पडून असेल आणि भाव पडेल या भीतीनं त्यानं तेवढ्यापुरता उलटा सौदा केला असेल, तर तो सट्टा धरत नाहीत. ही सूट डिलिव्हरीच्या शेअरलाही आहे, पण रोज सकाळी घे, दुपारी वीक करणाऱ्यानं तिचा आधार घेऊ नये.

आज एक्स्चेंजच्या पडद्यावर कुणाशी सौदा झाला हे कळत नाही, तेव्हा जुनं कारण कितपत लागू पडतं यावर वाद घालता येईल. मला स्वतःला चार वर्षांची मुदत फार तोकडी वाटते. पण कलम आहे तसं आहे.

खानापूर_पाऊस
माझंही एक बघा. 2022 मध्ये घेतलेले 200 शेअर होते, भाव 520. मार्चमध्ये 410 वर आले. म्हटलं दीर्घकालीन तोटा दाखवावा, दुसऱ्या शेअरच्या नफ्याला लागेल. सकाळी सगळे 410 ला विकले, दुपारी 408 ला परत घेतले. म्हणजे 22,000 चा तोटा नोंदला गेला पाहिजे. ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये मात्र तो कुठंच नाही, उलट इंट्राडेखाली 400 रुपये नफा दिसतोय. रिपोर्ट चुकलाय ना?

ताळेबंद_चिकोडी
रिपोर्ट बरोबर आहे. एकाच दिवशी, एकाच एक्स्चेंजवर 200 विकले आणि 200 घेतले, की सेटलमेंटमध्ये ते एकमेकांत जिरतात. डीमॅटमधून एकही शेअर हलला नाही, तुमचे 2022 चे शेअर 520 च्याच भावानं तिथं बसलेत. झाला तो फक्त 2 रुपयांच्या फरकाचा सौदा. दुसऱ्या दिवशी परत घेतले असते तर तोटा नोंदला गेला असता.

शंका आली तर त्या दिवसाची कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा आणि एसटीटीचा, म्हणजे शेअर व्यवहारावरच्या कराचा रकाना बघा. डिलिव्हरी असेल तर खरेदीवरही आणि विक्रीवरही 0.1 टक्का लागतो. 50,000 चा सौदा असेल तर दोन्ही वेळा पन्नास-पन्नास रुपये. इंट्राडेला फक्त विक्रीवर 0.025 टक्के, म्हणजे त्याच रकमेवर साडेबाराच्या आसपास. सकाळी 100 घेतले, दुपारी 60 विकले आणि 40 ठेवले, तर 60 सट्ट्यात आणि 40 डिलिव्हरीत, हेही तिथंच कळतं. आपल्याकडं ऑफिसात कन्नड, घरात मराठी आणि नोट इंग्रजीत, पण आकडे तरी सगळ्यांचे सारखेच असतात.

टिळकवाडी_मावशी
मी तर ऐकलंय सट्ट्याच्या पैशावर सरळ 30 टक्के कर बसतो. माझा मुलगा इंट्राडे करतो, त्याला यंदा 20 हजार मिळालेत, 6 हजार बाजूला काढून ठेवायला सांगितलेत मी. बरोबर ना?

शहापूरचा_सौदागर
मावशी, 30 टक्के लॉटरी, ऑनलाइन गेम आणि क्रिप्टोला. इंट्राडेचा नफा नेहमीच्या टप्प्यानं. मुलाचं बाकी उत्पन्न किती त्यावर ठरेल, कदाचित काहीच भरावं लागणार नाही. (आणि ताळेबंद, ऑप्शनचं मान्य. माझे काही जुने रिटर्न आता काढून बघायला हवेत.)

उद्यमबाग_फिटर
बरं, म्हणजे यंदा 15 हजार भरायचे. मग हा 1,42,000 दाखवायचाच कशाला? मी जुलैत घाईघाईनं फक्त पगाराचा आयटीआर-1 भरून टाकलाय. तसाच सोडला तर?

ताळेबंद_चिकोडी
सोडू नका. ऑप्शन आणि शेअरवरचा अल्पकालीन नफा आयटीआर-1 मध्ये बसतच नाही आणि विक्रीची माहिती विभागाच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात आलेली असते. 15 सप्टेंबरच्या आत सुधारित रिटर्न आयटीआर-3 मध्ये भरा. मुदतीचं महत्त्व तोट्यासाठी आहे: वेळेत दाखवला तरच तो पुढं नेता येतो. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये तोटा पुढं जात नाही.

भरताना नफा-तोट्याच्या तक्त्यात सट्ट्याचा भाग वेगळा असतो, इंट्राडे तिथं लिहा. ऑप्शन साध्या धंद्यात. इंट्राडेचं ब्रोकरेज आणि एसटीटी खर्चात धरता येतं, तुम्ही ते धरलेलंच आहे. सगळं भरून झालं की Schedule CFL, म्हणजे पुढं न्यायच्या तोट्याचा तक्ता उघडा. 1,42,000 तिथं सट्ट्याच्या रकान्यात दिसले पाहिजेत. साध्या धंद्याच्या रकान्यात दिसले, किंवा ऑप्शनचे 38,000 कुठंतरी गायब झाले, तर समजा भरताना दोन्ही एकत्र झाले.

पुढच्या वर्षी इंट्राडेत 60,000 मिळाले तर त्यावर कर शून्य आणि 82,000 शिल्लक. 2028-29 पर्यंत जे वापरलं जाणार नाही ते संपलं. तेवढ्यासाठी इंट्राडे वाढवू नका म्हणजे झालं.

निपाणीचा_आजोबा
सीएचं विचारलं होतंस ते राहिलंच. नावं इथं नको. बेळगावात काय, कोल्हापुरात काय, जाशील तिथं एकच विचार: "इंट्राडे आणि ऑप्शन एकाच आकड्यात दाखवणार की वेगळे?" वेगळे म्हटला तर बस. "सगळं शेअरचंच की हो" म्हटला तर चहा पिऊन ऊठ.

उद्यमबाग_फिटर
एकाकडं फोन लावला. वेगळे म्हणाला. पण म्हणतोय तोटा आहे म्हणून ऑडिट लागेल, त्याचे वेगळे पैसे.

ताळेबंद_चिकोडी
यावर सीएंमध्येच दोन मतं ऐकायला मिळतील. इंट्राडेची उलाढाल म्हणजे खरेदी-विक्रीची पूर्ण रक्कम नव्हे, रोजच्या नफ्या-तोट्याच्या फरकांची बेरीज, उणे चिन्ह सोडून. ती तुमची काही लाखांत असेल, कोटीच्या जवळपासही नाही. तुम्ही आधी कधी अनुमानित पद्धतीनं रिटर्न भरलेला नसेल तर माझ्या मते ऑडिटची गरज नाही. कुठल्या कलमाखाली लागतंय ते त्याला लिहून द्यायला सांगा.

शहापूरचा_सौदागर
माझा सीए ऑडिट करतोच म्हणतो. दरवर्षी पैसे घेतोय. आता मीही कलम विचारतो.