प्रतिसाद: मर्यादा कोणत्या स्लाइडवर?

«संशोधनाच्या बारा मिनिटांच्या सादरीकरणात पद्धत, निष्कर्ष, मर्यादा यांतले काय ठेवावे?»

जी गोष्ट काढल्यास श्रोत्यांचा निष्कर्ष बदलेल, तिलाच स्लाइड द्यावी. उदाहरणार्थ, कोविडवर डेक्सामेथासोन हे औषध तपासणारी ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी पाहा. एकूण मृत्युदर २५.७ वरून २२.९ टक्क्यांवर आला, हा आकडा एकटा दाखवला तर औषध सर्वांनाच द्यावे असे वाटेल. प्रत्यक्षात व्हेंटिलेटरवरील रुग्णांत तो ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर उतरला, ऑक्सिजन न लागलेल्यांत मात्र लाभ दिसला नाही, उलट १४.० च्या जागी १७.८ टक्के मृत्यू झाले, जरी हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. म्हणून मुख्य आलेख श्वसनाधारानुसार केलेल्या गटांचाच हवा, आणि ही मर्यादा शेवटच्या स्लाइडवर न ढकलता त्याच आलेखात असावी.

पद्धतीपैकी यादृच्छिक विभागणी आणि रोज ६ मिलिग्रॅम, कमाल १० दिवस, एवढे एका स्लाइडवर पुरे. औषध कोणाला मिळाले हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण मोजमाप २८ दिवसांतील मृत्यूचे असल्याने त्याचा परिणाम मर्यादित राहतो. ते तोंडी एका वाक्यात सांगावे. वयानुसार केलेली दुरुस्ती प्रश्नोत्तरांसाठीच्या राखीव स्लाइडवर ठेवावी.