प्रत्येक बिल तीस हजारांच्या आत, तरीही टीडीएस?

सोसायटीचा सचिव, ठाणे

आमच्या सफाई ठेकेदाराचे महिन्याचे बिल २४,००० रुपयांचे असते. २०२५-२६ मध्ये एकही बिल ३०,००० च्या वर गेलेले नाही, म्हणून आम्ही टीडीएस, म्हणजे बिलातूनच कापून सरकारला भरायचा आयकर, कापला नाही. तरीही नव्या लेखापरीक्षकांनी शेरा मारला आहे. आम्ही कंपनी नाही, धंदा करत नाही, आमच्याकडे कर कापणाऱ्याला लागणारा टॅन नंबरही नाही. छोट्या सोसायट्यांनी असल्या शेऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खजिनदार, कोथरूड

सचिवसाहेब, हिशेबातली चूक समजू शकते, पण इतर सोसायट्यांनाही तीच चूक करायला सांगणे मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी सात वर्षे आमच्या सोसायटीची खजिनदारी सांभाळतो आहे आणि पहिल्या वर्षी हीच चूक मीही केली होती.

आयकर कायद्याच्या कलम १९४सी मधली तीस हजारांची मर्यादा एका बिलापुरती आहे. तिच्याच खाली दुसरी मर्यादा आहे, ती म्हणजे एकाच ठेकेदाराला वर्षभरात मिळून एक लाखापेक्षा जास्त रक्कम जात असेल, तर बिले कितीही लहान असली तरी कपात करावी लागते. तुमचे २४,००० गुणिले १२ म्हणजे २,८८,००० होतात. ठेकेदार व्यक्ती असेल तर दर १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के. म्हणजे महिन्याला २४० रुपये कापून २३,७६० चा धनादेश द्यायचा, एवढाच हा प्रकार आहे. ठेकेदाराचा पॅन घेतलेला नसेल तर मात्र दर २० टक्के होतो आणि २४० च्या जागी ४,८०० कापावे लागतात, तेव्हा पॅनची प्रत आधी फाईलला लावा.

धंदा करत नाही, हा बचाव इथे चालत नाही. उलाढालीची अट व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. सहकारी संस्थेचे नाव कलमातच आहे आणि गृहनिर्माण संस्था ही सहकारी संस्थाच आहे.

निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

खजिनदारांचे बरेचसे बरोबर आहे, परंतु दोन गोष्टी त्यांनी जुन्याच सांगितल्या आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा तीस हजारांवरून पन्नास हजारांवर नेली आहे. दुसरे असे की, एक लाख ओलांडल्यावर जी वरची रक्कम उरते, तेवढ्यावरच कपात करायची असते. म्हणजे १,८८,००० वर १,८८० रुपये. बँकेत असताना मी अशी शेकडो प्रकरणे पाहिली आहेत.

चार्टर्ड अकाउंटंट, डोंबिवली

साहेब, आदर राखून सांगते, दोन्ही मुद्द्यांत गल्लत झाली आहे. १ एप्रिल २०२५ पासून तीस हजारांची पन्नास हजार झाली ती १९४जे मध्ये, म्हणजे वास्तुविशारद, वकील, डॉक्टर, लेखापरीक्षक यांच्या व्यावसायिक शुल्कासाठी, जिथे दर १० टक्के आहे. ठेकेदारांच्या १९४सी ला त्या बदलाने हातही लावलेला नाही. सोसायटीने इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेतली आणि अभियंत्याने ४५,००० चे बिल दिले, तर आता कपात नाही. आदल्या वर्षी याच बिलावर ४,५०० कापावे लागले असते.

एक लाखाचे म्हणाल, तर ती सूट नाही, उंबरठा आहे. तो ओलांडला की सगळ्या रकमेवर कपात लागते. सचिवांच्याच उदाहरणात एप्रिल ते जुलै मिळून ९६,००० होतात आणि ऑगस्टच्या बिलाने बेरीज १,२०,००० वर जाते. तेव्हा ऑगस्टच्या बिलातून एकदम १,२०० कापायचे, ठेकेदाराला २२,८०० द्यायचे आणि पुढे दरमहा २४०.

खजिनदार, कोथरूड

ताई, इथे मात्र मी सहमत नाही. कलमात दिलेली रक्कम जशी आहे, तशी देण्याची शक्यता असलेली रक्कमही आहे. ज्या ठेकेदाराशी बारा महिन्यांचा लेखी करार आहे, त्याची बेरीज लाखावर जाणार हे एप्रिलमध्येच ठाऊक असते, मग ऑगस्टपर्यंत थांबायचे कशासाठी? ऑगस्टमध्ये पाच महिन्यांची कपात एकदम झाली, तेव्हा आमचा सफाईवाला कार्यालयात येऊन रागाने बोलला होता आणि त्याचे बरोबरच होते, कारण त्या पैशांतून तो चार कामगारांचे पगार देतो.

चार्टर्ड अकाउंटंट, डोंबिवली

पक्का करार असेल तर पहिल्या महिन्यापासून कापणे अधिक सुरक्षित आहे, हे मी मान्य करते. परंतु लागेल तेव्हा बोलवायचा प्लंबर किंवा गवंडी वर्षाअखेर किती बिल देईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि तिथे मर्यादा ओलांडताना कापलेले मी चूक म्हणणार नाही.

रंगकाम ठेकेदार, सांगली

तुम्ही सगळे कापायचे कसे यावर भांडता आहात, पण कापलेल्या पैशांचे पुढे काय होते यावर कोणीच बोलत नाही. ते पैसे सोसायटीचे नाहीत, सरकारला माझ्या वतीने भरलेला माझाच कर आहे. एका सोसायटीचे ६,४०,००० चे बाहेरील रंगकाम मी केले. नोव्हेंबरमध्ये बिलातून ६,४०० कापले. जूनमध्ये विवरणपत्र भरायला बसलो, तर कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या २६एएस मध्ये माझ्या नावापुढे काहीच नाही. बिलाची प्रत धरून मी तेवढा दावा केला, तर आयकर विभागाकडून मागणीची नोटीस आली. सोसायटीत गेलो, तर खजिनदार बदललेले. चार फेऱ्या मारल्यावर कळले की चलन वेळेवर भरले होते, पण तिमाही विवरणात माझ्या जागी दुसऱ्याच कोणाचा तरी पॅन पडला होता. एक अक्षर चुकले आणि माझे ६,४०० अनोळखी माणसाच्या खात्यात दिसत राहिले. माझा त्या वर्षीचा कर त्याहून कमी होता, त्यामुळे उरलेले मला परत मिळणार होते.

निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

एवढ्या मोठ्या कामाचा ठेका घेणाऱ्याने दर तिमाहीला २६एएस तपासायला नको का? सहा महिने थांबून सोसायटीला दोष देणे योग्य नाही.

रंगकाम ठेकेदार, सांगली

साहेब, मी पाडावर उभा राहून काम करतो. पैसे कापले तुम्ही, विवरण भरले तुम्ही आणि तपासायचे मी? कापणाऱ्याने तिमाही विवरणानंतर पंधरा दिवसांत कपातीच्या प्रमाणपत्राचा नमुना १६ए द्यायचा असतो. मला तो आजवर मागितल्याशिवाय एकाही सोसायटीने दिलेला नाही. दिला असता तर चुकलेला पॅन फेब्रुवारीतच दिसला असता.

चार्टर्ड अकाउंटंट, डोंबिवली

ठेकेदारदादांची तक्रार रास्त आहे आणि मूळ प्रश्नापेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे. कलम २०५ नुसार ज्याच्या पैशांतून कर कापला गेला आहे, त्याच्याकडून तोच कर पुन्हा मागता येत नाही आणि अशा मागण्यांची सक्तीने वसुली करू नये, अशी सूचना प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिलेली आहे. परंतु त्यामुळे वसुली थांबते, परतावा मिळतोच असे नाही. पॅन दुरुस्त करून सोसायटीने सुधारित विवरण भरले, तरच नोंद तुमच्या नावावर येते. बिलाची प्रत, कापून उरलेली रक्कम जमा झाल्याचे बँकेचे पान आणि सोसायटीला दिलेल्या पत्राची पोच जपून ठेवा.

गृहिणी, बोरिवली

आम्ही घराचे नूतनीकरण करतो आहोत, ठेकेदाराचे १४ लाख होतील. मग आम्हालाही १ टक्का कापून भरावा लागेल का? यजमान नोकरी करतात.

खजिनदार, कोथरूड

नाही ताई. स्वतःच्या घराच्या कामासाठी, एकाच ठेकेदाराला वर्षात ५० लाखांच्या वर दिले तरच तुमच्यावर जबाबदारी येते. त्याचे कलम १९४एम आहे, दर २ टक्के आणि टॅन लागत नाही. १४ लाखांना काही कापू नका. फक्त पैसे बँकेतून द्या.

सोसायटीचा सचिव, ठाणे

लाखाची मर्यादा मला माहीत नव्हती, हे कबूल करतो. तरीही २४० रुपयांसाठी टॅन काढायचा, चलन भरायचे, तिमाही विवरण भरायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे, हा बोजा स्वयंसेवकांवर टाकणे मला आजही अन्यायाचे वाटते. विवरण भरून देणाराच तिमाहीला हजार-दीड हजार घेतो. एवढे करून दोन दिवस उशीर झाला तर काय आकाश कोसळते?

चार्टर्ड अकाउंटंट, डोंबिवली

बोजा आहे, हे मी नाकारत नाही. पण उशिराचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर पाहा. २८ ऑगस्टला १,२०० कापले, तर ते ७ सप्टेंबरपर्यंत भरायचे. ९ सप्टेंबरला भरले तर उशीर दोन दिवसांचा, पण व्याज दरमहा दीड टक्क्याने आणि कापल्याच्या महिन्यापासून मोजले जाते. विभागाची संगणकप्रणाली ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने धरते, म्हणजे ३ टक्के, ३६ रुपये. हे किरकोळ वाटेल, परंतु जुलै ते सप्टेंबरचे विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरले नाही तर दिवसाला २०० रुपये शुल्क चालू होते आणि ते त्या विवरणातल्या एकूण कराइतके होईपर्यंत वाढते. तुमचे ऑगस्टचे १,२०० आणि सप्टेंबरचे २४० मिळून १,४४० होतात. आठव्या दिवशी शुल्क तिथे पोचते. कर ठेकेदाराचा, हे शुल्क मात्र सभासदांच्या वर्गणीतून.

अजून एक तारीख लिहून ठेवा. मार्चमध्ये कापलेली रक्कम ७ एप्रिलला नव्हे, ३० एप्रिलपर्यंत भरता येते. १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात ही कलमे ३९३ मध्ये एकत्र येतात, त्यामुळे चलनावर जुने आकडे टाकताना सावध राहा.

सोसायटीचा सचिव, ठाणे

टॅनसाठी अर्ज करतो आहे. मागची न कापलेली रक्कम ठेकेदाराच्या पुढच्या बिलातून घेणार आहोत, पण तो मान्य करील असे वाटत नाही, कारण आमच्या चुकीसाठी त्याने एकदम अडीच-तीन हजार का सोसावेत, हे मला त्याच्या तोंडावर सांगता येणार नाही.

रंगकाम ठेकेदार, सांगली

सचिवसाहेब, त्याला सगळे एका बिलातून कापू नका, दोन-तीन बिलांत विभागा, व्याज सोसायटीने भरा आणि १६ए त्याच्या हातात द्या. मी त्याच्या जागी असतो तर एवढ्यावर मानले असते.