मदत हवी आहे: पोलादवाल्याचं २% डिस्काउंट दर वेळी हुकतं

लेथवाला_भोसरी: आमचं छोटं मशीन शॉप आहे. पोलादाचा व्यापारी बिलाच्या तारखेपासून १० दिवसांत पैसे दिले तर २% सोडतो, नाहीतर ४५ दिवस. आम्ही १० आणि २५ तारखेला जेवढी बिलं पास झालीत तेवढ्यांचं पेमेंट काढतो. मागचं ६ लाखांचं बिल २७ तारखेचं होतं, १० तारखेला दिलं, तोवर १४ दिवस झाले आणि १२ हजार गेले. आधी द्यावं तर ७ तारखेचे साडेपाच लाख पगार डोळ्यांसमोर. बँकेची कॅश क्रेडिट म्हणजे सीसी २५ लाखांची, व्याज ११%. काय करू?

बिनधास्त_दादा: डोळे झाकून घ्या! २% महिन्याला म्हणजे वर्षाला २४%.

जमाखर्च: दादा, महिना नाही, ३५ दिवस. तरी वर्षाला २१% च्या आसपास पडतं, म्हणजे घ्यावं हे बरोबर. सीसीतून ५,८८,००० दिले तर ३५ दिवसांचं व्याज साधारण ६,२०० होतं, हातात ५,८०० राहतात. पण सीसीत जागा हवी. पगाराच्या दिवशी लिमिट ओलांडलं तर या फायद्याला काय अर्थ?

लेथवाले, तुमची खरी गळती वेगळीच आहे. डिस्काउंट न देणाऱ्यांनाही तुम्ही पास झालं की देऊन टाकता, म्हणजे ४५ दिवसांची उधारी पंधराव्या दिवशी फुकट सोडता. पेमेंट दर गुरुवारी काढा. पुढच्या गुरुवारच्या आत ज्यांच्या डिस्काउंटची मुदत संपते ती बिलं आज, बाकीची मुदतीच्या आतल्या शेवटच्या गुरुवारी. त्याआधी पुढच्या खात्रीच्या वसुलीपर्यंत पगार, जीएसटी, टीडीएस किती जाणार ते बाजूला काढा. उरलेल्यात बसेल तेवढंच डिस्काउंट.

कोल्हापुरी_फाउंड्री: आमच्या पार्ट्याच ९० दिवस पैसे देत नाहीत, डिस्काउंट कसलं घेऊन बसलात! आधी वसुली बघा.

लेथवाला_भोसरी: वसुली बरी आहे हो, तारखा जुळत नाहीत एवढंच. जमाखर्च, जॉबवर्कवाल्यांनाही ४५ दिवस थांबवू?

जमाखर्च: ते सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेले असतील तर जपून. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच, करार असला तरी ४५ च्या वर नाही. ती उलटून ३१ मार्चला बाकी राहिली तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. निव्वळ व्यापारी यात येत नाही, त्यामुळे पोलादवाल्याचा प्रश्न नाही.

लेथवाला_भोसरी: करार एकाशीही नाही! बघतो. आणखी एक, माल तीन दिवसांनी येतो, स्टोअरमधून बिल पास व्हायला पाच दिवस. मग गुरुवारी काढूनही दहा दिवसांत बसेल?

जमाखर्च: आठ दिवस तिथेच गेले, गुरुवार नवव्या-दहाव्या दिवशी आला तरच. व्यापाऱ्याला मुदत माल पोचल्यापासून धरायला सांगून बघा. आमच्याकडे एकाने मान्य केलं, दुसऱ्याने नाही.

लेथवाला_भोसरी: उद्या फोन करतो. स्टोअरवाल्याला तर आजच धरतो, बिल टेबलावर चहाच्या कपाखाली असतं त्याच्या.