चिप्सचं घड्याळ जुळवण्यातच जोर जातो

"जुन्या कोअर टू ड्युओवर Snes9x मस्त चालतं, bsnes अडखळतं. ग्राफिक्स कार्ड टाकू का?"

नको, त्याने फरक पडणार नाही. Snes9x आणि bsnes हे दोन्ही एम्युलेटर, म्हणजे सुपर निंटेंडो या जुन्या गेम कन्सोलचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारे प्रोग्राम. सुपर निंटेंडोचा प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्‌झचा, पण त्याच्या जोडीला चित्राची आणि आवाजाची चिप एकाच वेळी चालते. bsnes अचूक मोडमध्ये चित्र ठिपक्या-ठिपक्याने काढतं आणि या चिप्सची वेळ सेकंदाला लाखो वेळा जुळवतं. त्या सतत एकमेकींसाठी थांबतात, म्हणून काम जास्त कोअर्सवर वाटता येत नाही; तुमच्या प्रोसेसरच्या एकाच कोअरचा वेग लागतो.

'एअर स्ट्राइक पेट्रोल' या खेळातली विमानाची सावली बघा. पडद्यावरची चित्राची ओळ अर्धवट काढलेली असतानाच तिथे बदल होतो, त्यामुळे अख्खी ओळ एकदम काढणाऱ्या एम्युलेटरमध्ये ही सावली उमटतच नाही. असे खेळ मोजकेच. बाकीच्यांसाठी bsnes मध्ये पीपीयूचा, म्हणजे चित्राच्या चिपचा, फास्ट मोड लावा.